एक वाजून दहा मिनिटांची मनी

गोष्ट एवढीशीच आहे. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी शाळेची बस थांब्यावर येते. चौथीतली एक मुलगी दप्तर सावरत उतरते. थांब्याच्या कट्ट्यावर बसलेलं एक भटकं मांजर उठतं, अंग ताणतं आणि शेपूट उभी करून तिच्याकडे येतं. मुलगी डब्यात उरलेला पोळीचा तुकडा त्याला देते आणि दोघं फाटकापर्यंत बरोबर जातात. हे रोज होतं. मांजराला कुणी मालक नाही, पण सोसायटीतली पोरं त्याला मनी म्हणतात.

अशा गोष्टी कथालेखकांना आवडतात आणि सोसायटीच्या बाकावर बसणाऱ्यांनाही. मात्र ऐकणाऱ्यांचे लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मुक्या जिवाची माया बघा. दुसरा म्हणतो, माया कसली, पोळीसाठी येतंय ते. कोण किती बरोबर हे ठरवायचं, तर मांजर थांब्यावर का आहे, केव्हापासून आहे आणि कुणासाठी आहे, हे तीन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात. ते तसे सोडवता येतात, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर आणि दुपारी घरी असणारी एखादी आजी एवढं पुरतं.

वाट पाहणाऱ्या प्राण्याची जगातली सर्वात प्रसिद्ध गोष्ट कुत्र्याची आहे. टोकियोतले प्राध्यापक उएनो 1925च्या मे महिन्यात कामावर असताना वारले. त्यांचा हाचिको हा कुत्रा त्यानंतर 1935च्या मार्चपर्यंत, म्हणजे जवळपास दहा वर्षं, शिबुया स्टेशनवर येत राहिला. 1934 मध्ये, तो जिवंत असतानाच, स्टेशनाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. पण त्याच्या मृत्यूनंतर पोटात यकितोरीच्या, म्हणजे कोंबडीचे तुकडे लावून भाजतात त्या काड्या सापडल्या. तेव्हापासून ‘तो धन्यासाठी येत होता की स्टेशनाजवळच्या गाड्यांवरच्या कोंबडीसाठी’ हा वाद जपानमध्ये अधूनमधून निघतो.

मांजरांचीही उदाहरणं आहेत, आणि तीही बसशी जोडलेली. इंग्लंडमधल्या वॉलसॉल भागात 2007 मध्ये एक पांढरं मांजर 331 नंबरच्या बसमध्ये चढायचं आणि पुढच्याच थांब्यावर उतरायचं. चालकांनी त्याचं नाव मॅकॅव्हिटी ठेवलं होतं. त्या पुढच्या थांब्याजवळ मासे तळून विकणारं दुकान होतं, त्यामुळे त्याच्या प्रवासामागचं कारण शोधायला कुणाला फार विचार करावा लागला नाही. प्लिमथमधला कॅस्पर मात्र थांब्यावर माणसांच्या रांगेत बसायचा, 3 नंबरची बस पकडायचा, आसनावर झोपून अख्खी फेरी मारायचा आणि परत येऊन उतरायचा. त्याला वाटेत कुणी मासे देत नव्हतं. तो पाळीव होता, घरी त्याला पोटभर मिळत होतं. म्हणजे खाऊ हे कारण मॅकॅव्हिटीला लागू पडतं, कॅस्परला पडत नाही.

आता आपल्या मनीकडे येऊ. समजा ही सोसायटी पुण्याच्या एखाद्या उपनगरातली आहे. शाळा सकाळची. बस सकाळी साडेसहाला नेते आणि दुपारी 1.10 ला सोडते. शनिवारी शाळा लवकर सुटते, बस 11 वाजता येते. रविवारी बस नाही.

पहिली शंका अगदी साधी आहे, आणि ती बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. मनी वाट बघते हे ठरवलं कुणी? बसमधून उतरणाऱ्या मुलीने. तिला मनी फक्त 1.10 ला दिसते. पण एप्रिलच्या दुपारी थांब्याचं छप्पर ही त्या रस्त्यावरची सगळ्यात गार जागा असू शकते. सिमेंटचा कट्टा, वर पत्रा, मागे झाड. मांजरं तशीही पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतात, दुपार झोपेत घालवतात. मनी सकाळी दहापासूनच तिथे पसरलेली असेल, तर ती वाट बघत नाही, झोपा काढते आहे, आणि बस तिच्या झोपेच्या जागी येऊन थांबते एवढंच.

म्हणून आजीने बाल्कनीतून नुसतं 1.10 ला बघून भागत नाही. दहाला, बाराला, साडेबाराला आणि एकला बघायचं आणि कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत वेळ लिहायची. दोन आठवड्यांत चित्र दिसायला लागतं. मनी सकाळपासून तिथेच असेल, तर गोष्ट सावलीची. साडेबारापर्यंत कट्टा रिकामा आणि पाऊण ते एकच्या दरम्यान मनी हजर, असं दिवसामागून दिवस होत असेल, तर मात्र गोष्टीत दम आहे. झोपायच्या वेळी झोप सोडून मांजर एका ठरावीक जागी येऊन बसतं, याला कारण लागतं.

ते कारण बऱ्याच अंशी शरीरातल्या घड्याळात आहे. कर्ट रिश्टर या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1922 मध्येच उंदरांबाबत नोंदवलं होतं की रोज ठरल्या वेळी खाणं मिळू लागलं की ते त्या वेळेच्या आधीपासूनच चुळबुळ करू लागतात. पुढे असं आढळलं की ही चुळबुळ खाण्याच्या दोन-तीन तास आधीपासून सुरू होऊ शकते. त्याहून विशेष गोष्ट 1970 च्या दशकात कळली. उजेड-अंधारानुसार चालणारं मुख्य घड्याळ मेंदूत जिथे असतं तो भाग काढून टाकला, तरी जेवणाच्या वेळेचा अंदाज शिल्लक राहतो. जेवणाचं घड्याळ वेगळंच आहे. हे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे आहेत, पण ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना पहाटे पाच वाजता तोंडावर पडणारा पंजा माहीत असतो. तो याच घड्याळाचा गजर.

या घड्याळाला मोठी मर्यादा आहे. ते साधारण 24 तासांच्या फेऱ्यावरच चालतं. त्याला ‘काल याच वेळी’ कळतं, पण ‘दर सातव्या दिवशी नाही’ हे कळत नाही. आठवडा ही माणसाने केलेली सोय आहे, सूर्याशी त्याचा संबंध नाही, आणि कुठल्याही मांजराच्या शरीरात रविवार नसतो.

त्यामुळे आजीच्या कॅलेंडरमधली सगळ्यात मोलाची चौकट रविवारची आहे. त्या दिवशी बस येणार नाही. मनीला घड्याळ चालवत असेल, तर ती पाऊण-एकला कट्ट्यावर यायला हवी.

“अगं ए, इकडे ये बघू. तुझी मनी बसलीये खाली.”

“आज? आज तर रविवार आहे, आजी!”

“तुला आहे गं रविवार. तिला कुठला?”

आजीने नकळत जीवशास्त्र सांगितलं. ही गोष्ट कुणी कथा म्हणून लिहायला घेतली, तर पहिला प्रसंग हा हवा. मुलगी घरात चित्रं रंगवत बसली आहे आणि मांजर खाली रिकाम्या रस्त्याकडे बघत आहे. रविवारी मनी न येता फक्त शाळेच्या दिवशीच येत असेल, तर तिने आठवडा मोजला असं समजू नये. तिला दुसरी कुठली तरी खूण मिळते आहे. शाळेच्या दिवशी साडेबारापासून रिक्षांची वर्दळ सुरू होते, बालवाडीची व्हॅन येऊन जाते, पलीकडच्या शाळेची घंटा होते, इस्त्रीवाला हातगाडी सावलीत ओढतो. रविवारी यातलं काहीच नसतं.

शनिवार दुसऱ्या अर्थाने बोलका आहे. त्या दिवशी मुलगी 11 वाजता उतरते. मनी 11 ला नसेल आणि 1 वाजता येऊन बसत असेल, तर ते घड्याळच. पण बस वळणावर दिसताच मनी कुठल्या तरी गाडीखालून धावत आली, तर तिला कानांनी उठवलं. मांजराचे कान माणसाच्या कानांपेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज टिपतात. आपल्याला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला सुमारे 85 हजारांपर्यंत. शिवाय बाहेरचा कान ते आवाजाच्या दिशेला वळवू शकतं. बसच्या ब्रेकमधून सुटणारी हवा आपल्याला नुसती ‘फुस्स’ ऐकू येते, मांजराच्या कानी त्यातलं बरंच जास्त पडतं. रोज त्याच फुस्सनंतर तीच मुलगी उतरत असेल, तर ती खूण पक्की व्हायला फार दिवस लागत नाहीत.

इथवर सावली झाली, घड्याळ झालं, आवाज झाला. मुलगी अजून आलीच नाही. मनी त्या मुलीसाठी येते की पोळी घेऊन उतरणाऱ्या कुणासाठीही?

जपानमधल्या अत्सुको साइतो यांनी पाळीव मांजरांवर केलेला एक प्रयोग इथे कामाला येतो. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. मांजराला आधी अनोळखी माणसांचे आवाज ऐकवले, सगळे त्याला नावाने हाक मारणारे. मांजर हळूहळू कंटाळलं, प्रतिसाद कमी झाला. मग मालकाच्या आवाजातली हाक ऐकवली आणि कान, मान पुन्हा हलले. बहुतेक मांजरं जागची उठली नाहीत, ‘म्यांव’ही फारच थोड्यांनी केलं. त्यांना ओळखू आलं, पण बहुतेकांनी उठायचे कष्ट घेतले नाहीत. मांजर पाळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. 2021 मध्ये साहो ताकागी आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. मालकाची हाक एका जागेहून आली आणि लगेच पुढची हाक दूरच्या दुसऱ्याच जागेहून आली, तर मांजरं चकित होतात. म्हणजे न दिसणारा माणूस कुठे असेल, याचा काहीतरी नकाशा त्यांच्या डोक्यात असतो.

मायेबद्दल मात्र शास्त्रज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात पिल्लांना दोन मिनिटं मालकाबरोबर, दोन मिनिटं एकटं आणि पुन्हा दोन मिनिटं मालकाबरोबर ठेवून पाहिलं. मालक परत आल्यावर सुमारे 64 टक्के पिल्लं शांत झाली आणि त्याच्याशी जवळीक राखून आजूबाजूला फिरू लागली. लहान मुलं आईजवळ अशीच निर्धास्त होतात. हा अभ्यास 2019 चा. त्याआधी 2015 मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या अभ्यासकांना मोठ्या मांजरांत अशी ओढ सापडली नव्हती. दोन्ही अभ्यास पाळीव जिवांवरचे आहेत. थांब्यावरच्या मनीबद्दल त्यांतून थेट काही सिद्ध होत नाही. ‘विज्ञानाने सिद्ध केलंय’ असं म्हणून कुणी डोळे पुसायला लागलं, तर थोडं थांबावं.

पण थांब्यावरच एक परीक्षा घेता येते. बसमधून त्या मुलीबरोबर आणखी चार मुलं उतरतात. चार दिवस पोळी दुसऱ्या मुलाने द्यायची, मुलीने हात रिकामे ठेवायचे. मनी पोळी खाऊन मुलाच्याच मागे लागली, तर पोळीवाल्या पक्षाची सरशी. पोळी खाल्ली आणि मग मुलीकडे येऊन तिच्या पायाला गाल घासला, तर हिशेब वेगळा. मांजराच्या गालांवर गंधग्रंथी असतात आणि घासताना ते आपला वास समोरच्याला लावतं. पळत येताना झेंड्यासारखी सरळ उभी शेपूट हीदेखील खूण आहे. एका वसाहतीत राहणारी मांजरं एकमेकांना भेटताना शेपूट अशी उभी करतात. पिल्लं आईकडे येतानाही तसंच करतात. खाण्याच्या आशेनेही शेपूट उभी राहते, त्यामुळे एकट्या शेपटीवर निकाल देता येत नाही. पण रिकाम्या हाताच्या मुलीपुढे रोज शेपूट उभी राहत असेल, तर पोळीवाल्यांना उत्तर द्यावं लागेल.

एक अट कथालेखकही विसरतात. कुठलंही भटकं मांजर असं करणार नाही. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लाला माणसाचा हात लागतो, तेच पुढे माणसाजवळ निर्धास्त येतं. आयलीन कार्श यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेत केलेल्या कामातून हे स्पष्ट झालं. त्या काळात माणसापासून लांब, गटारात किंवा बंद वाड्यात वाढलेलं मांजर पोळी घेईल, पण लांबून, आणि मुलगी वाकली की पळेल. मनीच्या भूतकाळात किराणा दुकानाची पायरी असणार, जिथे पोरांनी तिला पिल्लू असताना मांडीवर घेतलं, किंवा मग कुणीतरी तिला आधी पाळून नंतर सोडून दिलं असणार. दुसरी शक्यता दुर्दैवाने आपल्या शहरांत मुळीच दुर्मीळ नाही.

मग एक दिवस मनी येत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा जातो. कथेत इथे पाऊस आणि अपघात येतो. प्रत्यक्षात मांजरी असेल, तर आधी जिन्याखाली, गॅरेजमध्ये, जुन्या खोक्यांत बघावं. मांजरी साधारण नऊ आठवडे गाभण असते आणि व्याल्यावर पहिले काही दिवस पिल्लांपासून फारशी लांब जात नाही. ती परत येते तेव्हा बारीक झालेली असते, लटकलेले सड दिसतात आणि पोळीच्या तुकड्यावर तिचं भागत नाही.

मे महिन्याची सुट्टी याहून मोठी कसोटी. सुरुवातीला मनी येत राहील, मग येणं विस्कटेल, मग थांबेल. पण थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. उंदरांच्या प्रयोगांत ठरल्या वेळचं खाणं बंद झाल्यावर चुळबुळ थांबली, तरी पुढे केव्हा तरी उपाशी ठेवलं की तीच जुनी वेळ पुन्हा वर आली. जूनच्या मध्यात शाळा उघडल्यावर मनी दोन-तीन दिवसांत कट्ट्यावर दिसली, तर तिचं घड्याळ मधल्या काळात बंद नव्हतं, नुसतं झाकलेलं होतं. फक्त तोवर पाऊस सुरू झालेला असतो आणि थांब्यावर छप्पर असतं, ही शंका आजीने कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आता रस्त्याचं बोलायला हवं, कारण अशा गोष्टींचा शेवट बहुधा तोच करतो. प्लिमथचा कॅस्पर 2010 च्या जानेवारीत रस्ता ओलांडताना टॅक्सीखाली गेला. थांब्यावर खाऊ घालणं म्हणजे मांजराला रोज ठरल्या वेळी, वर्दळीच्या त्याच क्षणी, रस्त्याच्या कडेला बोलावणं. ते बदलणं अवघड नाही. खाऊ रोज चार पावलं आत सरकवत फाटकाच्या आतल्या भिंतीपाशी न्यायचा. घड्याळ तेच राहतं, जागा बदलते. खाऊही बदलावा. डब्यातल्या भाजीत कांदा-लसूण असतो आणि तो मांजराच्या रक्तपेशींना घातक आहे. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, त्यांना जुलाब होतात. उकडलेल्या मासळीचा, कोंबडीचा किंवा अंड्याचा बिनमसाल्याचा तुकडा चांगला, आणि शेजारी वाटीभर पाणी.

मुलांना एक गोष्ट बजावून सांगावी. भटकं मांजर चावलं किंवा त्याने ओरबाडून रक्त काढलं, तर ते घरी लपवायचं नाही. रेबीज कुत्र्यांप्रमाणे मांजरांमुळेही होऊ शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मिळते. डॉक्टर जितक्या तारखांना बोलावतील तितके डोस पूर्ण घ्यायचे.

ज्यांच्या थांब्यावर अशी मनी असेल, त्यांनी तिची नसबंदी झाली आहे का तेही बघून घ्यावं. एका कानाचं टोक कापलेलं असेल, तर बहुधा झाली आहे. नसेल, तर महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे किंवा शहरातल्या प्राणीमित्र संस्थेकडे चौकशी करावी, आणि ती सुट्टी लागण्यापूर्वी करावी. मनी ठरल्या वेळी ठरल्या जागी येते आहे तोवर तिला पकडणं सोपं असतं.